तोच नवरा, नवा निकाह



मागच्या महिन्यात एका बहिणीचे चार पानी पत्र आले. तलाक होऊन सहा वर्षे झाली. दोघांपैकी कुणीही दुसरा निकाह केलेला नाही. आता त्याच्या बहिणीमार्फत पुन्हा पैगाम आला आहे. तिने लिहिले आहे : "ताई, ते उमरा करून आले, दाढी ठेवली, पाचही वक्ताची नमाज जमातीने पढतात. नणंद म्हणते, आता तो पहिला राहिला नाही. अम्मी म्हणते, जा. भाई म्हणतो, त्या दारात पाय ठेवलास तर माझे दार बंद. मी काय करू? माणूस खरंच बदलला आहे हे ओळखायचे कसे?"

पत्र वाचताना मला आमच्याच जिल्ह्यातले, रत्नागिरीकडचे एक जोडपे आठवले. त्या प्रकरणात मी शेवटपर्यंत बरोबर होते. त्या दोघांनी लिहायची परवानगी दिली आहे, नाव-गाव न सांगण्याच्या अटीवर. त्या बहिणीला माझे जे काही उत्तर आहे, ते बहुतेक सगळे त्या गोष्टीतच आहे.

पण आधी भाईंविषयी. तलाक दिलेल्या माणसाला बहीण परत द्यायची नाही, ही चीड आजची नाही. सहाबी हजरत मअ्किल बिन यसार (रजि.) यांच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने तलाक दिला, इद्दत संपली आणि मग तोच पुन्हा मागणी घालायला आला. मअ्किल भडकले. मी तुला इज्जतीने बहीण दिली, तू तिला सोडलेस, आता ती तुला पुन्हा मिळणे नाही, अशी त्यांनी कसम खाल्ली. त्यावर सूरह बकराची 232 वी आयत उतरली : दोघे रीतसर, आपसांत राजी असतील, तर बायकांना त्यांच्या पहिल्या पतींशी निकाह करण्यापासून अडवू नका. मअ्किल (रजि.) यांनी आपली कसम मागे घेतली आणि बहिणीचा निकाह लावून दिला. ही हदीस सहीह बुखारीत आहे. आपल्याकडे तिचा तेवढाच भाग सांगतात. त्याच रिवायतीत आणखी दोन गोष्टी आहेत : तो माणूस वाईट नव्हता आणि त्या बाईला स्वतःलाच परत जायचे होते. शिवाय लगेच आधीची, 231 वी आयत सांगते की त्रास देण्यासाठी बायकांना अडकवून ठेवू नका. म्हणजे परतीची वाट अडवायची नाही आणि छळाच्या घरात कुणाला लोटायचेही नाही. भाईंना पहिली आयत दाखवा आणि अम्मींना दुसरी.

आता ते जोडपे. निकाह 2011 चा. तो आखातात ए.सी. मेकॅनिक. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचा. पगार मोठ्या भावाच्या खात्यात यायचा आणि कपाटाची किल्ली सासूकडे. 2013 मध्ये मुलगी झाली. 2015 च्या सुट्टीत त्याने बायकोचे आठ तोळे सोने बँकेत गहाण ठेवून दीड लाख उचलले आणि भावाला टेम्पोसाठी दिले. बायकोला सांगितले नाही. भावाने हप्ते भरले नाहीत. लिलावाची नोटीस आली ती अर्थात कर्जदाराच्या, म्हणजे त्याच्याच नावावर. ती त्याला कळवण्यात आली, पण त्याने बायकोला तेव्हाही सांगितले नाही. सोने लिलावात गेले. 2016 मध्ये तिच्या भावाचे लग्न निघाले, तिने दागिने मागितले आणि सगळे बाहेर आले. तो तेव्हा सुट्टीवर होता. ताट भिंतीवर आपटले, तीन आठवडे अबोला धरला आणि मग जमातीच्या दोन बुजुर्गांसमोर लेखी एक तलाक दिला. इद्दत संपली, रुजू केला नाही. ती तीन वर्षांची मुलगी घेऊन माहेरी आली. शिलाई शिकली आणि पुढे एका शाळेच्या गणवेशांचे काम मिळाले.

आठ वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये, त्याची फुफी पैगाम घेऊन आली. सासू 2022 मध्ये वारली होती. थोरला भाऊ वेगळा राहू लागला होता. हा कोरोनाच्या काळात नोकरी जाऊन परतला होता आणि आता चिपळूणात काम करत होता. फुफी म्हणाली, "आता राहिलंच काय? अम्मी नाही, भाऊ वेगळा, सगळं बदललं."

मुलीच्या मामूने मला बोलावले. मी पहिल्यांदा मागितला तलाकनामा. पुष्कळ घरांत हा कागद कुणी नीट पाहिलेलाच नसतो. किती तलाक दिले, कधी दिले, इद्दतीत काही घडले का, यावरच पुढचे सारे अवलंबून असते. एक तलाक असेल आणि इद्दत उलटून गेली असेल, तर जुना निकाह संपलेला असतो, पण त्याच माणसाशी नवा निकाह करता येतो. तिची रजामंदी, साक्षीदार, नवी मेहर, सगळे पहिल्यापासून. आमच्या कोकणातल्या शाफई घरांत वलीही लागतो. हलाल्याचा इथे संबंधच नाही. तरीही गावोगाव अर्धवट माहितीची माणसे तो शब्द उच्चारून बायकांना घाबरवतात. ठरवून केलेल्या हलाल्याचा तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धिक्कार केला आहे. खुला झालेला असेल तरी नव्या निकाहाने एकत्र येता येते. एकाच बैठकीत तीनदा तलाक म्हटलेला असेल, तर मात्र घरच्या घरी काही ठरवू नका. उलेमांत त्यावर मतभेद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये तो बेकायदा ठरवला आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. अशा वेळी जाणकार मुफ्ती आणि वकील या दोघांनाही कागद दाखवावा.

एक गोष्ट मी त्या दोघांना समोरासमोर सांगितली. नवा निकाह झाला तरी तलाकांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. एक खर्च झाला तो झाला. त्याच्या हातात दोनच उरतात. त्याला हे माहीत नव्हते, आणि ऐकून तो जरा वेळ गप्प बसला. मला ते बरे वाटले.

कागद साफ होता. आता माणूस. फुफी म्हणाली होती, सगळं बदललं. मी मुलीला घरात घेऊन विचारले, काय बदललं ते एकेक सांग. तिने मोजले : सासू वारली, भाऊ वेगळा झाला, परदेश संपला, मुलगी मोठी झाली. मी म्हटले, यातले त्याने स्वतः काय केले? ती थांबली. सासू अल्लाहच्या हुकुमाने गेली, भाऊ आपल्या बायकोमुळे वेगळा झाला, नोकरी कंपनीने काढली. यातली एकही गोष्ट त्याच्या हातून झालेली नाही. शिवाय सोने गहाण ठेवताना सासू बँकेत गेली नव्हती आणि नोटीस तिने लपवली नव्हती. घर मोडले ते लपवण्यामुळे आणि विचारल्यावर भडकण्यामुळे. बदल शोधायचा तर तिथेच शोधायला हवा, बाकी कितीही बदलले तरी. उमरा, दाढी, नमाज ही मोठी दौलत आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. पण नमाज तो आधीही पढत होता. लपवायचा तेव्हाही पढत होता.

मग ठरले की चार महिने घाई करायची नाही. तो आता तिच्यासाठी परका माणूस आहे, तेव्हा जे बोलायचे ते मामूसमोर बसून, पंधरवड्यातून एकदा. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर काही नाही. हे केवळ शरियतीच्या मर्यादेसाठी नव्हते. रात्री अकरा वाजता "तुझी आठवण येते" वाचून जे मनात येते ते आठ वर्षांच्या एकटेपणाला उत्तर असते, त्या माणसाविषयी ते काहीच सांगत नाही. मुलीला, ती तेव्हा अकरा वर्षांची होती, काहीही सांगायचे नाही असे ठरले. पण बापाने तिला महिन्यातून दोन रविवारी भेटायचे, आणि निकाह होवो न होवो, ते चालूच राहायचे.

पहिल्या बैठकीत मी त्याला एवढेच विचारले की घर कसे मोडले ते तुमच्या तोंडाने सांगा. तो पाऊण तास बोलला. अम्मी, भाऊ, परदेश, तिचे सारखे माहेरी जाणे. सोन्याचा उल्लेख एका वाक्यात आला : "ते सोन्याचं झालं म्हणा, पण माझा इरादा वाईट नव्हता." मी काही बोलले नाही. दुसऱ्या बैठकीत तोच सवाल पुन्हा विचारला. त्या वेळी तो म्हणाला, "नोटीस माझ्या हातात होती. सांगितलं असतं तर तिच्या अब्बांनी पैसे भरून सोनं सोडवलं असतं. मला लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, आणि तिने विचारलं तेव्हा लाज लपवायला ताट आपटलं." मुलगी पडद्याआड ऐकत होती. नंतर मला म्हणाली, आठ वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं.

माफी मागणे सोपे असते, कारण माफीत नेमके काय केले ते सांगावे लागत नाही. म्हणून मी माफीपेक्षा हकीकत ऐकते. तिच्या तोंडची हकीकत आणि त्याच्या तोंडची हकीकत यांत निदान मुख्य घटना एकच आहे का? तो तिच्या जागी बसून ती घटना सांगू शकतो का? आणि "पण" कितीदा येतो? पहिल्या बैठकीत आलेला "पण" दुसऱ्या बैठकीत नव्हता.

पण बोलणे ते बोलणे. मग हिशेब काढले.

मुलीच्या खर्चाचे त्याने 2016 पासून महिना तीन हजार पाठवले होते. एप्रिल 2020 ते मे 2021 असे चौदा महिने काहीच आले नाही, नंतर चार हजार सुरू झाले. विचारल्यावर म्हणाला, नोकरी गेली होती. ते खरे होते. त्या वर्षी किती घरांत चूल कशी पेटली ते आपल्याला ठाऊक आहे. पैसे थांबल्याबद्दल त्याला कुणी दोष दिला नाही. मामूंनी एवढेच विचारले, "मग एक फोन करून सांगितलं का नाही?" त्याच्याकडे उत्तर नव्हते. अडचण आली की गप्प बसायचे, ही जुनीच खोड. 2015 मध्ये तेच, 2020 मध्येही तेच. मी ते वहीत लिहून ठेवले.

कर्जाबद्दल तो म्हणाला, काही नाही. मी म्हटले, क्रेडिट रिपोर्ट आणा. आपल्या घरांत हे अजून फारसे कुणाला माहीत नाही. बँका आणि फायनान्स कंपन्यांकडून घेतलेली कर्जे, त्यांचे हप्ते, चुकलेले हप्ते, दुसऱ्याच्या कर्जाला दिलेली जामीनकी, हे सगळे त्या कागदावर येते. सिबिल आणि तशा इतर कंपन्या वर्षातून एकदा हा पूर्ण अहवाल फुकट देतात. तो ज्याचा त्यानेच मागवायचा असतो, दुसऱ्याला मिळत नाही. त्याच्या मर्यादाही आहेत. दोस्तांकडून घेतलेले हातउसने, भिशी, सावकाराचे देणे, परदेशातल्या बँकेचे कर्ज त्यात दिसत नाही. लग्न ठरवताना हा कागद मागणे कुणाला अपमानाचे वाटेल. पण जिचे आठ तोळे बँकेत गेले, तिने तो मागू नये तर कुणी?

तो मे महिन्यात अहवाल घेऊन आला. लिफाफा देताना त्याचा चेहरा उतरलेला होता. सप्टेंबर 2022 मध्ये घेतलेले दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज, महिना साडेपाच हजारांचा हप्ता, अजून एक लाख तीस हजार बाकी. पैसे कुणासाठी? पुन्हा भावासाठी. भाऊ वेगळा झाला तो घराने, खिशाने नव्हे.

मुलगी त्या दिवशी रडली नाही. आतून मामूला निरोप पाठवला : सध्या थांबूया.

मला विचाराल तर सगळ्या चार महिन्यांत खरी परीक्षा इथून सुरू झाली. माणूस हो म्हणून घेताना गोडच असतो. नाही ऐकल्यावर तो काय करतो ते पाहायचे असते. जुन्या माणसाने ताट आपटले असते, फुफीला रडत पाठवले असते, गावभर सांगितले असते की मी हात पुढे केला पण त्यांची अकड जात नाही. किंवा मुलीला हाताशी धरून "अम्मीला सांग ना" केले असते. हे शेवटचे सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात जास्त घडते तेच.

पुढचे दोन महिने मी कान उघडे ठेवले. त्याने कुणाला पाठवले नाही. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी तो मुलीला भेटायला येत राहिला आणि वेळेवर आणून सोडत राहिला. मी सहज म्हणून मुलीला विचारले, अब्बा अम्मीविषयी काही विचारतात का? म्हणाली, "नाही, माझ्या गणिताचं विचारतात." जुलैमध्ये तो मामूंकडे एकटा आला. भावाला बरोबर घेऊन बँकेत गेला होता आणि भावाने हप्त्याचे पैसे दरमहा थेट कर्जखात्यात भरायचे असे लिहून घेतले होते. कर्ज त्याच्याच नावावर राहिले, बँक दुसऱ्या कुणाला ओळखत नाही, हेही त्यानेच आपणहून सांगितले. आणि म्हणाला, "यापुढे भावाला हजाराच्या वर काही द्यायचं तर आधी घरात बोलेन. आज घर नाही, म्हणून तुम्हाला सांगायला आलो."

मामू मला म्हणाले, आपा, हा पहिल्यांदा विचारल्याशिवाय बोलला.

इथे मुलीची बाजूही सांगते, नाहीतर ही हकीकत एकतर्फी होईल. त्यालाही विचारायचा हक्क होता आणि त्याने विचारले. पहिल्या संसारात घरातली प्रत्येक गोष्ट ती माहेरी भाभीला सांगायची आणि ती फिरून, वाढून सासूच्या कानावर यायची. तिने कबूल केले. आता तिची स्वतःची कमाई आहे, ती सोडायची नाही, हेही तिने स्पष्ट सांगितले. त्याला ते थोडे जड गेले. दोन बैठका त्यावर गेल्या.

मग सोन्याचा सवाल. तो म्हणाला, गहाणाचे दीड लाख मी परत देतो. रक्कम ऐकून फुफीने मान डोलावली. मी म्हटले, गेले काय होते, दीड लाख की आठ तोळे? तिच्या अब्बांनी दिलेले सोने गेले. त्या सुमारास तोळ्याचा भाव सत्तर हजारांच्या पुढे होता, म्हणजे आठ तोळ्यांचे साडेपाच लाखांवर झाले. दीड लाख हा त्याने उचललेल्या कर्जाचा आकडा होता, तिच्या नुकसानीचा नव्हे. ज्याला आपली चूक स्वतःच्या आकड्यात दिसते, त्याला ती अजून पुरती दिसलेली नसते. त्याने हे ऐकून घेतले, दोन दिवस मागितले आणि येऊन म्हणाला, आठ तोळेच देईन, पण एकदम जमणार नाही.

यानंतर मोठ्यांनी नेहमीचा तोडगा काढला : मग आठ तोळे हीच मेहर धरा, दोन्ही कामे होतील. याला मी ठाम विरोध केला आणि आमच्या काझीसाहेबांनीही केला. जुने सोने हे त्याच्यावरचे कर्ज आहे. पहिल्या निकाहाची मेहर दिलेली नसेल तर तेही कर्जच. नवी मेहर हा नव्या निकाहाचा तिचा हक्क आहे. तिचीच वस्तू तिला परत देऊन त्याला मेहर म्हणणे म्हणजे मेहर न देणे. पुन्हा एकत्र येणाऱ्या जोडप्यांत ही गल्लत हमखास होते, कारण सगळ्यांनाच जुने हिशेब बंद करून मिठाई वाटायची घाई असते. शेवटी असे ठरले : दोन तोळे निकाहाआधी, उरलेले सहा तोळे तीन वर्षांत, दर वर्षी दोन, आणि ते सोन्यातच. भाव चढला तरी त्याने सोसायचा. त्याचा वेगळा कागद केला. मेहर वेगळी, पंचवीस हजार, रोख, निकाहाच्या वेळीच. रक्कम लहान आहे, पण हातात पडलेली आहे.

निकाहनाम्यात तीन अटी लिहिल्या. राहायचे भाड्याच्या वेगळ्या घरात. तिने शिलाईचे काम चालू ठेवायचे आणि त्या पैशावर तिचा हक्क. तिचे सोने तिच्या नावाच्या लॉकरमध्ये, किल्ली तिच्याकडे. अशा वाजवी अटी लिहिता येतात. फक्त मोघम लिहू नयेत. "पत्नीला सुखात ठेवीन" या वाक्याचा कुठल्याच भांडणात उपयोग होत नाही. कागद एका वकिलाकडून वाचून घेतला, त्याने दोन शब्द बदलले.

मुलीला सगळे ठरल्यावर, निकाहाच्या पंधरा दिवस आधी, आईने एकटीने सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं." मुलांना माहीतच असते. तरी त्यांच्यासमोर आशा लावून मग मोडू नये म्हणून हा सारा उपद्व्याप. सप्टेंबर 2024 मध्ये निकाह झाला. मांडव नाही, पंधरा-वीस माणसे, मामू वकील म्हणून बसले.

या हकीकतीत एक गोष्ट नव्हती, म्हणून ती इथे आली नाही : मारहाण. ती जिथे होती तिथे वरचे काहीही लागू करू नका. ज्याने हात उचलला तो बैठकीत मामूसमोर चार महिनेच काय, वर्षभरही नीट वागेल. तो हात बंद दाराआड उठतो आणि दार निकाहानंतर बंद होते. ती परीक्षा आपल्या अंगावर घ्यायची नाही. पैगामाला नकार देण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे, आणि भाई किंवा अम्मी कुणीही ते अपुरे ठरवू नये.

आता पत्र पाठवणाऱ्या बहिणीसाठी. तुमच्या चार पानांत घर का मोडले ते कुठेच लिहिलेले नाही. उमरा आहे, नणंद आहे, लोक काय म्हणतील आहे, पण ती एक घटना नाही. आधी ती एका कागदावर लिहा, तारखेसकट, दुसऱ्या कुणाला न दाखवता. तलाकनाम्याची झेरॉक्स काढून ठेवा. मग नणंदेला सांगा की भाईला माझ्या वलीसमोर बसवा आणि तोच सवाल त्यांना विचारा. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. आणि जमले तर एकदा "तीन महिने थांबा" असे कळवा. त्यानंतर त्यांच्याकडून काय येते, कोण येते, किती दिवसांनी येते, ते मला लिहा.

आमच्या त्या जोडप्याचे विचारणार असाल तर परवा बाजारात ती भेटली. पहिल्या वर्षाचे दोन तोळे आले होते, महिनाभर उशिरा. मी विचारले, उशीर का? म्हणाली, "काम कमी होतं. पण उशीर होणार हे दीड महिना आधीच सांगितलं होतं त्यांनी." मग तिला रिक्षा मिळाली आणि ती गेली.